शुक्रवारपर्यंत सेल्सफोर्स: एका लीडचा माग काढ

प्रश्न : सोमवारी इंटर्नशिप सुरू झाली. इथे ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवायला सेल्सफोर्स वापरतात, मी ते कधी पाहिलंही नव्हतं. सर म्हणाले, डॉक्युमेंटेशन वाच, शुक्रवारपासून लीड म्हणजे संभाव्य ग्राहकांच्या नोंदी तुझ्याकडे देतो. दोन दिवस वाचतेय, पण डोक्यात काहीच राहत नाही. काय करू?

उत्तर : सलग वाचणं आजच थांबव. ते डॉक्युमेंटेशन विक्री, सपोर्ट, अॅडमिन अशा सगळ्यांसाठी लिहिलेलं आहे. तुझ्या हातात लीड येणार आहेत, म्हणून लीड कन्व्हर्ट करण्याचा भाग तेवढा उघड आणि एका लीडचा शेवटपर्यंत माग काढ.

त्यासाठी स्वतःचं Developer Edition खातं काढ, ते मोफत मिळतं. कंपनीच्या खऱ्या डेटावर सराव नको, कारण `Convert` केलेली लीड पुन्हा लीड होत नाही. तयार झालेल्या नोंदी पुसल्या तरी ती परत येत नाही, नव्याने भरावी लागते. कुठलंही टूल शिकताना जे मागे घेता येत नाही ते मी आधी शोधायला सांगतो, ते यासाठीच.

आता एक खोटी लीड भर. कन्व्हर्ट केलीस की तिच्यातून कंपनीची नोंद म्हणजे अकाउंट, माणसाची नोंद म्हणजे काँटॅक्ट आणि हवा असेल तर संभाव्य सौदा म्हणजे अपॉर्च्युनिटी तयार होते. मग त्याच कंपनीतल्या दुसऱ्या माणसाची लीड भरून तीही कन्व्हर्ट कर. या वेळी जुनं अकाउंट निवडायचं सोडून नवं करून बघ. एकाच नावाची दोन अकाउंट दिसतील, एकेका माणसाची माहिती एकेकात अडकलेली. नवखी मुलं बहुतेक इथेच चुकतात, आणि चूक कळते ती महिन्याचा रिपोर्ट काढताना.

तिसऱ्या लीडच्या आधी लीडला एक कस्टम फील्ड म्हणजे आपला स्वतःचा रकाना जोड, समज 'फोनची सोयीची वेळ'. त्यात 'दुपारी ४' भरून कन्व्हर्ट कर आणि काँटॅक्ट उघड. वेळ तिथे नसेल. काँटॅक्टवर त्याच प्रकारचं फील्ड करून `Map Lead Fields` मध्ये दोन्हींची जोडी लावली, तरच पुढच्या लीडची वेळ तिथे जाते. एवढं हाताने केलंस की डॉक्युमेंटेशनमधला मॅपिंगचा भाग पुन्हा वाच, आता तो कळेल.

डॉक्युमेंटेशन मूळ टूलचं आहे, तुमच्या कंपनीने त्यात केलेले बदल त्यात सापडणार नाहीत. कन्व्हर्ट झालेल्या एखाद्या जुन्या ग्राहकाचं अकाउंट उघडून कोणती फील्ड भरली आहेत ते नुसतं वाच. मग गुरुवारी सरांना दोनच गोष्टी विचार: लीड कन्व्हर्ट करण्याजोगी झाली हे आपल्याकडे कशावरून ठरवतात, आणि लीडवरची कोणती फील्ड पुढे जात नाहीत?