‘स्टेशनसमोर’ की ‘स्टेशन समोर’?

प्रश्न: “दादर स्टेशन समोर माझ्या साठी थांब, त्या नंतर आपण जाऊ.” हे वाक्य मी असंच लिहिते. ऑफिसातल्या एकाने तिन्ही ठिकाणी चूक काढली. खरंच चूक आहे का?

तिन्ही ठिकाणी त्यांचं बरोबर आहे. वाक्य असं हवं : “दादर स्टेशनसमोर माझ्यासाठी थांब, त्यानंतर आपण जाऊ.” समोर, साठी, नंतर ही इथे शब्दयोगी अव्ययं आहेत आणि ती मराठीत आधीच्या नामाला किंवा सर्वनामाला जोडूनच लिहितात.

‘घरासमोर’ घ्या. ‘घर’चं ‘घरा’ झालं ते ‘समोर’ येणार म्हणून. हे सामान्यरूप, त्याला एकट्याने उभं राहता येत नाही, म्हणून ते तोडायचं नाही. ‘स्टेशन’ मात्र आपण बहुधा जसंच्या तसं ठेवतो, त्यामुळे जोड दिसत नाही आणि हात स्पेसकडे जातो. मुंबईत त्यात हिंदीची भर पडते. ‘स्टेशन के सामने’ सुटं लिहिणं हिंदीत बरोबर आहे, तीच सवय मराठीत उतरते. फोनचा कीबोर्डही सुचवलेल्या शब्दानंतर आपणहून जागा सोडतो, ती मागे जाऊन पुसायची.

जागा सोडल्याने कधीकधी अर्थच बदलतो. “त्यानंतर आल्या” म्हणजे ती गोष्ट झाल्यावर आल्या. “त्या नंतर आल्या” म्हणजे त्या बायका उशिराने आल्या. दुसऱ्या वाक्यात ‘नंतर’ क्रियेबद्दल सांगतं, ते क्रियाविशेषण आहे, म्हणून तिथे सुटंच हवं. ‘त्यामुळे’ तोडलंत तर ‘त्या मुळे’, म्हणजे झाडाची मुळं दिसू लागतात. आणि ‘माझ्या साठी’ वाचून कुणी तुमच्या साठीच्या समारंभाचं आमंत्रण मागितलं, तर दोष त्याचा नाही!

शंका आली की मध्ये ‘अगदी’ घालून पाहा. ‘घरा अगदी समोर’ कुणी म्हणणार नाही, तेव्हा ‘घरासमोर’ जोडून. ‘स्टेशनच्या अगदी समोर’ सहज म्हणतो, म्हणून नामाला ‘च्या’ लागला की ‘स्टेशनच्या समोर’ सुटं लिहिण्याची रीत आहे. सर्वनामांपुढे ही कसोटी तोकडी पडते. ‘माझ्या अगदी समोर’ म्हणता येतं, तरी ‘अगदी’ नसताना ‘माझ्यासमोर’, ‘त्याच्याबरोबर’ जोडूनच लिहायचं, कारण ‘माझ्या’, ‘त्याच्या’ हीच तिथे सर्वनामांची सामान्यरूपं म्हणून चालतात.

‘सुद्धा’, ‘देखील’ यांच्यामुळे आधीचा शब्द बदलत नाही, तरी तेही जोडूनच : मीसुद्धा, तोदेखील. नाव कितीही लांब असो, अव्यय शेवटच्या शब्दाला चिकटतं : ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ’. आणि ‘सीएसएमटी’ असं आखूड केलंत तरी ‘सीएसएमटीजवळ’.