उधारीच्या वहीचे फोटो एक्सेलमध्ये उतरवून घ्यायचे आहेत, फ्रीलान्सरला ईमेलमध्ये काय लिहावं?

प्रश्न: मालवणजवळ आमचं छोटं किराणा दुकान आहे. उधारीच्या चार वह्यांच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढलेत. एका फ्रीलान्सरला ते एक्सेलमध्ये उतरवायला द्यायचे आहेत. त्याने आमच्या गावाचं दुकान कधी पाहिलेलं नाही. ईमेलमध्ये नेमकं काय सांगू, म्हणजे काम परत करून घ्यावं लागणार नाही?

उत्तर: एका गिऱ्हाइकाचं एक पान, वर मागील बाकी आणि खाली पुढे ओढलेली बाकी, अशी तुमची वही असेल असं धरून लिहितो. रोजची वही असेल, म्हणजे एकाच पानावर दिवसभराची सगळी गिऱ्हाइकं असतील, तर खालची पानवार तपासणी तिथे चालणार नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नका. ते आकाराने लहान होतात आणि पेन्सिलीचे आकडे पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर चढवा. फाईलचं नाव वही आणि पान सांगणारं ठेवा, उदाहरणार्थ `V2_P037.jpg`. नंतर शंका निघाली की तुम्ही दोघंही त्याच पानावर बोट ठेवू शकता.

ईमेल साधारण असा असावा:

> नमस्कार,
>
> सोबतच्या लिंकवर उधारीच्या चार वह्यांचे फोटो आहेत. प्रत्येक ओळ एक्सेलमध्ये एका रांगेत हवी. रकाने याच क्रमाने: वही, पान, ओळ, तारीख, खातं, प्रकार, रक्कम, शेरा.
>
> प्रकारात चारच शब्द वापरावेत: मागील, नावे, जमा, पुढे. पानावरची 'मागील बाकी' किंवा 'मागून आणली' ही ओळ नावे म्हणून धरू नये. ती आधीच्याच पानाची रक्कम आहे.
>
> वहीत आहे तेच उतरवावं. आमची बेरीज चुकलेली दिसली तरी सुधारू नये. आकडा लागत नसेल तर रक्कम रिकामी सोडून रांग पिवळी करावी आणि शेऱ्यात '१५० की ९५०' असं लिहावं. अंदाजाने भरू नये.
>
> आकडे काही पानांवर मराठी, काही पानांवर इंग्रजी आहेत. एक्सेलमध्ये सगळे इंग्रजी अंकांत टाकावेत, '/-' न लावता. मराठी मजकूर युनिकोडमध्ये हवा.
>
> तारखेला वहीत वर्ष नाही. प्रत्येक वहीचं पहिलं वर्ष वेगळ्या यादीत दिलं आहे. डिसेंबरनंतर जानेवारी आला की वर्ष एकाने वाढवावं. तारीख 2024-06-12 अशी लिहावी.
>
> खात्याचं नाव वहीत आहे तसंच, कंसातल्या वाडीसकट. 'बाबी (जेटी)' आणि 'बाबी (खालची वाडी)' ही दोन माणसं आहेत. पानावर सही किंवा अंगठा असेल तर शेऱ्यात नोंद करावी. 'गणपतीत देतो' असं काही लिहिलेलं असेल तर तेही.
>
> खोडलेल्या ओळी गाळू नयेत. आडवी रेघ म्हणजे नोंद रद्द, पानभर तिरकी रेघ म्हणजे खातं चुकतं झालं. कोणती रेघ ते शेऱ्यात लिहावं.
>
> आधी वही २ ची पाच पानं करून पाठवावीत. ती आम्ही पाहिल्यावर पुढचं काम सुरू करावं.

रेघांचा अर्थ तुमच्या दुकानात वेगळा असेल तर ते वाक्य बदला. पण काहीतरी लिहाच, नाहीतर समोरचा माणूस चुकतं झालेलं खातं रद्द समजून सोडून देईल.

'मागील' वेगळं ठेवण्यावर मी इतका जोर देतोय त्याला कारण आहे. एकाच गिऱ्हाइकाची बाकी पाडव्याला नव्या वहीत ओढली जाते आणि पान भरलं की पुढच्या पानावर जाते. ती प्रत्येक वेळी 'नावे'त पडली तर १२४० रुपयांचं देणं तीन पानांत ३७२० दिसेल. एकूण उधारीचा आकडा बघून तुम्हालाच घाम फुटेल आणि चूक कुठे आहे ते कळणार नाही.

युनिकोडचं वाक्यही गाळू नका. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत टाईप करणारे अजून बरेच आहेत. त्यांच्या संगणकावर सगळं नीट दिसतं आणि तुमच्या मोबाईलवर नावांच्या जागी निरर्थक अक्षरं येतात. मराठी अंकांचंही तसंच आहे: एक्सेल ते बऱ्याचदा मजकूर म्हणून घेतं आणि बेरजेत धरत नाही.

आता तपासणी. ईमेलमध्ये दुसरं शीट मागा, प्रत्येक पानाला एक रांग: वही, पान, मागील, नावेची बेरीज, जमेची बेरीज, पुढे, फरक. फरकाचं सूत्र असं:

```
=C2+D2-E2-F2
```

समजा वही २, पान ३७ वर मागील १२४०, नावे ३१०, १७५ आणि १५०, जमा ५००, पुढे १३७५ आहे. फरक शून्य यायला हवा. पण शीटमध्ये ८०० दिसतोय. आठ आणि पुढे शून्यं दिसली की आधी १ आणि ९ ची गल्लत शोधायची. इथे १५० चे ९५० झाले आहेत. मराठी १ आणि इंग्रजी 9 चा आकार जवळपास एकच असल्याने दोन्ही प्रकारचे अंक असलेल्या वहीत ही चूक सगळ्यांत जास्त होते. फरक ४, ४० किंवा ४०० आला तर मराठी ४ इंग्रजी 8 म्हणून वाचला असण्याचा संभव. ९ ने भाग जाणारा फरक बहुधा अंकांची अदलाबदल दाखवतो: ३१० चे १३० झाले तर १८० चा फरक पडतो. आणि फरक १००० आला नि पानावर ५०० ची जमा असेल, तर ती जमा बहुधा नावेत गेली आहे.

याउलट फोटोशी सगळे आकडे जुळतात तरी फरक उरतो, तेव्हा चूक मूळ वहीतच आहे. म्हणूनच सुधारू नका असं सांगायचं. दुरुस्ती कोणाच्या बाजूने करायची हे तुम्ही गिऱ्हाइकासमोर ठरवायचं, टाईप करणाऱ्याने नाही. तारीख चुकली किंवा पानच दुसऱ्याच्या नावावर चढलं, तर हे सूत्र ते पकडत नाही. त्यासाठी दर वहीतली काही पानं फोटोसमोर धरून स्वतः वाचा.

खलाशांची खाती असतील तर एक ओळ जास्तीची टाका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे या दोन महिन्यांत त्यांच्या पानावर नुसतं नावेच असतं आणि जमा नारळी पौर्णिमेनंतर सुरू होते. बाहेरच्या माणसाला जमेच्या ओळी सुटल्यासारखं वाटतं आणि तो विचारत बसतो.

पैसे पानावर न ठरवता ओळीवर ठरवा. पानावर ठरवलं की दाट पानं घाईत उरकली जातात. काम पूर्ण झाल्यावर `.xlsx` फाईलच घ्या, पीडीएफ नको, आणि फोटो त्याच्याकडून पुसून घ्या, कारण त्यात लोकांची नावं आणि देणी आहेत. वह्या मात्र रद्दीत घालू नका. उधारी वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि ती संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी कबूल करून सही केली असेल तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजतात. ती सही कागदावर आहे. पावसाळ्यात शाई फुटणार नाही अशा डब्यात वह्या ठेवा.