N₂O मधल्या मधल्या नायट्रोजनचे पाच बाँड का चालत नाहीत?

"मी N₂O ची रचना N≡N=O अशी काढली. इलेक्ट्रॉन मोजले तर बरोबर १६ भरतात, तिन्ही अणूंचा फॉर्मल चार्जही शून्य येतो. तरी सरांनी चूक दिली. का?"

तुमची दोन्ही गणितं बरोबर आहेत. राहिलंय ते तिसरं मोजमाप. मी बारावीच्या मुलांना शिकवते, आणि N₂O काढताना दर वर्षी कुणीतरी नेमकं इथेच अडकतं. मी त्यांना पेन्सिलने एकेका अणूभोवती गोल काढायला लावते आणि त्या गोलात येणारे सगळे इलेक्ट्रॉन मोजायला सांगते, बाँडमधले दोन्ही धरून. तुमच्या मधल्या नायट्रोजनभोवती तसा गोल काढा. डावीकडच्या तिहेरी बाँडचे ६, उजवीकडच्या दुहेरीचे ४, म्हणजे १० झाले. नायट्रोजनच्या बाहेरच्या कवचात एक 2s आणि तीन 2p अशी चारच ऑर्बिटल असतात, त्यांत ८ च्या वर इलेक्ट्रॉन मावत नाहीत. म्हणून तर PCl₅ मिळतो, पण NCl₅ मिळत नाही.

आता दुरुस्ती करू. N=O मधली एक जोडी काढून ऑक्सिजनला लोन पेअर म्हणून द्या. N≡N–O झालं. बाँडमध्ये ६ + २ = ८, डाव्या नायट्रोजनवर २, ऑक्सिजनवर ६. एकूण १६ च राहिले, कारण आपण जोडी फक्त हलवली. फॉर्मल चार्ज काढताना लोन पेअरचे सगळे इलेक्ट्रॉन आणि बाँडचे निम्मे वजा करायचे. डावा नायट्रोजन ५ − २ − ३ = ०, मधला ५ − ० − ४ = +१, ऑक्सिजन ६ − ६ − १ = −१. बेरीज शून्य.

त्याऐवजी तिहेरी बाँडमधली एक जोडी डाव्या नायट्रोजनला दिली, तर N=N=O मिळतं. इथे डाव्यावर −१, मधल्यावर +१, ऑक्सिजनवर शून्य. इलेक्ट्रॉन पुन्हा १६ आणि अष्टकं तिन्ही पूर्ण. ऑक्सिजन जास्त विद्युतऋण असल्यामुळे ऋण चार्ज त्याच्यावर असलेली पहिली रचना थोडी वरचढ धरतात, पण खरा रेणू दोन्हींचं मिश्रण आहे. पेपरात दोन्ही काढून मध्ये दुतोंडी बाण द्या.

मुलं विचारतात, चार्ज शून्य असलेली रचना सोडून चार्ज असलेली का घ्यायची? दुसऱ्या आवर्तनातल्या अणूंसाठी अष्टकाची मर्यादा आधी पाळायची, फॉर्मल चार्जची तुलना त्यानंतर. आणि हे मिश्रण मोजमापांतही दिसतं. N₂O मध्ये दोन नायट्रोजनमधलं अंतर ११२.८ पिकोमीटर आहे. N₂ च्या तिहेरी बाँडमध्ये ते १०९.८ असतं, साध्या N=N मध्ये १२५ च्या आसपास. त्याहून बोलका पुरावा द्विध्रुव आघूर्णाचा. ते जेमतेम ०.१६ डिबाय भरतं. पूर्ण चार्ज वेगळे झालेल्या एकाच रचनेचा रेणू असता तर आकडा कितीतरी मोठा आला असता. पण एका रचनेत ऋण टोक उजवीकडे आहे, दुसरीत डावीकडे, त्यामुळे ती एकमेकींना जवळपास खोडून टाकतात.