दीड पान नको, सहा ओळी पुरे

ताई, ऐरोलीत आमची सत्तर घरांची सोसायटी आहे आणि मी सेक्रेटरी आहे. गणपतीच्या कार्यक्रमांची मेल रविवारी सगळ्या सभासदांना पाठवली होती. त्यावर पाचव्या मजल्यावरच्या एका बाईंनी सगळ्यांना उत्तर दिलं, की मुलाला मोठ्या आवाजाचा त्रास होतो, स्पीकर नऊ वाजता बंद कराल का? मुलगा अकरा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. मी घाईत लिहून गेलो, "स्वतःच्या मुलाला आवरता येत नसेल तर त्याची शिक्षा सत्तर घरांना कशाला?" तेही सगळ्यांना गेलं. दोघातिघांनी "अगदी बरोबर" असं लिहिलं. मेल परत बोलवायला गेलो, जमलं नाही. परवा त्या लिफ्टमध्ये भेटल्या, मी नमस्कार केला, पण मुलाच्या तोंडावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या, बोलल्या नाहीत. माफीची मेल लिहिली आहे, सोबत जोडतो, दीड पान झाली. कमी करू का? की घरी जाऊन सॉरी म्हणून विषय मिटवू? पुन्हा सगळ्यांना मेल करून वाढवायचं कशाला?
– सेक्रेटरी, ऐरोली

सेक्रेटरीसाहेब,

त्या बोलल्या नाहीत, हे तुमच्या लक्षात राहिलं. त्यांचा हात कुठे होता ते तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि पुढे गेलात. मला मात्र त्या हातापलीकडे जाता येईना.

स्वमग्न मुलं पुष्कळदा गुणगुणतात, एखादा आवाज पुन्हा पुन्हा काढतात. बंद जागेत, अनोळखी माणसं जवळ आली की ते वाढतं, कारण त्या आवाजाने त्यांना बरं वाटतं, जीव थाऱ्यावर येतो. लिफ्टमध्येही बहुतेक तेच चाललं असणार. ती बाई आपल्या मुलाला तुमच्यासमोर गप्प करत होती. ‘आवरत’ होती. तुमच्या वाक्याने तिला जे सांगितलं, ते ती लिफ्टमध्ये करून दाखवत होती आणि तुम्ही नमस्काराला उत्तर येईल म्हणून वाट बघत होता. मला याचा राग येतो, आणि तो लपवून तुम्हाला गोड सल्ला द्यायची माझी इच्छा नाही.

म्हणून घरी जाऊन सॉरी म्हणणं पुरणार नाही. त्या माऊलीला आता फक्त तुमची भीती नाही. लिफ्टचं दार कुठल्याही मजल्यावर उघडलं तरी आत येणारा माणूस ते वाक्य वाचून आलेला असतो, आणि त्यातला एखादा "अगदी बरोबर" लिहिणाराही असू शकतो. बोललात सत्तर घरांसमोर, तर माफीही सत्तर घरांसमोरच मागायची. बंद दाराआड मागितलेली माफी त्या दोघातिघांपर्यंत पोचत नाही, आणि त्यांच्या लेखी सेक्रेटरीचं म्हणणं अजून तेच राहतं. यात वाढवण्यासारखं काही नाही. वाढायचं ते तेव्हाच वाढलं.

आता तुमचं दीड पान. मी ते दोनदा वाचलं. "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे" अशी सुरुवात आहे. ‘असतील तर’ कशाला? दुखावल्या आहेत, आणि कोणाच्या तेही तुम्हाला ठाऊक आहे. पुढे मंडपवाल्याने ऐनवेळी दिलेला नकार आहे, तुमचं ब्लडप्रेशर आहे, सोसायटीसाठी बारा वर्षं केलेली धावपळ आहे, "माझा हेतू वाईट नव्हता" आहे. हे सगळं खरं असेल, पण ते वाचून माणूस तुमची कीव करतो आणि मुलगा बाजूला राहतो. शेवटी तर "तसाही दहाला स्पीकर बंदच होतो" असं लिहून तुम्ही तो वाद पुन्हा उकरलात. आणि पूर्ण दीड पानात तुम्ही नेमकं काय म्हणालात, ते एकदाही आलेलं नाही.

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा भाग वेगळे करून त्यांचा परिणाम तपासला होता. सगळ्यात जास्त वजन पडलं ते "चूक माझी होती" या सरळ कबुलीला. सगळ्यात कमी पडलं ते "मला क्षमा करा" या विनवणीला. तुमच्या मसुद्यात ही विनवणी चार वेळा आहे आणि कबुली शून्य वेळा. विनवणी केली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं. त्या बाईंकडून आणखी काही मागू नका.

हे पाठवा:

"सर्व सभासदांना,
रविवारी ______ ताईंनी स्पीकरबद्दल एक साधी विनंती केली होती. मी तिला उत्तर देण्याऐवजी त्यांच्या मुलाला सगळ्यांसमोर ‘शिक्षा’ म्हटलं आणि त्यांच्या आईपणावर बोट ठेवलं. हे चूक होतं, आणि ती चूक माझी आहे. मी ताईंची आणि त्यांच्या मुलाची माफी मागतो. माझ्या वाक्याला ज्यांनी दुजोरा दिला त्यांना सांगतो, ते वाक्य बरोबर नव्हतं. सोसायटीच्या मेलवर मी यापुढे कोणाच्याही मुलाबाळांबद्दल असं लिहिणार नाही."

खाली नाव आणि ‘सेक्रेटरी’. रविवारीही ते वाक्य त्याच सहीने गेलं होतं. रिकाम्या जागी त्यांचं नाव घाला, "एका सभासदांची" असं मोघम नको. मात्र मुलाचं नाव आणि त्याचं स्वमग्न असणं यातलं काहीही लिहू नका. ते सांगायचं की नाही हे त्याच्या आईने ठरवायचं.

जुन्या मेलवर ‘रिप्लाय ऑल’ करू नका, नाहीतर माफीच्या खाली तेच वाक्य पुन्हा लटकत जाईल. नवी मेल उघडा, विषयात "रविवारच्या माझ्या मेलबद्दल माफी" एवढंच लिहा, आणि पत्ते मात्र रविवारचेच सगळे. जुनी मेल परत बोलवायचा नाद सोडा. जीमेलमध्ये पाठवलेली मेल जास्तीत जास्त ३० सेकंद थांबवता येते. आउटलुकची सोय एकाच संस्थेच्या आतल्या खात्यांपुरती असते. तुमच्या सभासदांनी ती केव्हाच वाचली आहे.

सगळ्यांना पाठवण्याआधी आज रात्री हाच मजकूर एकट्या ताईंना पाठवा, वर एकच ओळ लिहून: "उद्या सकाळी नऊला हे सगळ्यांना पाठवतो आहे, काही बदल किंवा नको असेल तर कळवा." नको म्हणाल्या तर पाठवू नका. उत्तर आलं नाही तर नऊला पाठवा.

मेल गेल्यावर "सेक्रेटरीसाहेब, मोठं मन आहे तुमचं" अशा मेल येतील. त्यांचे सगळ्यांसमोर आभार मानत बसू नका, नाहीतर चार दिवसांत कौतुक तुमचं आणि विषय विसरलेला. कोणी "यात माफी कसली" असं लिहिलं, तर मात्र त्याच दिवशी उत्तर द्या: "चूक होती, म्हणून मागितली." ताईंकडून काहीच आलं नाही, तर तो त्यांचा हक्क आहे. बेल वाजवून "मेल वाचली ना?" असं विचारायला जाऊ नका.

आणि स्पीकर. सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर दहानंतर तो लावू नये हा कायदाच आहे, त्याचं श्रेय सोसायटीला नाही. ताईंनी मागितला होता त्याआधीचा एक तास. ती विनंती अजून अनुत्तरित पडून आहे. दोन दिवसांनी कमिटी बोलवा, नऊनंतर स्पीकरशिवाय आरती आणि कार्यक्रम कसे होतील ते ठरवा, आणि जे ठरेल ते वेगळ्या मेलने कळवा.

– ताई