सॅम्पल वाढवलं की कोणता एरर कमी होतो आणि कोणता तसाच राहतो?

प्रश्न: सॅम्पलिंग एरर आणि नॉन-सॅम्पलिंग एरर यांत नेमका फरक काय? प्रश्नावलीच्या सर्व्हेतलं उदाहरण देऊन सांगाल का? सॅम्पल मोठं घेतलं की दोन्ही कमी होतात ना?

उत्तर:

नाही, मोठ्या सॅम्पलने फक्त पहिला कमी होतो. सगळ्यांना न विचारता काही जणांनाच विचारलं, एवढ्या एका कारणाने जो फरक पडतो तो सॅम्पलिंग एरर. बाकी जे काही बिघडतं, म्हणजे यादीत घर नसणं, दाराला कुलूप असणं, प्रश्न नीट न कळणं, भलत्याच माणसाने उत्तर देणं, फॉर्म चुकीचा भरणं, ते सगळं नॉन-सॅम्पलिंग एररमध्ये जातं.

मी बरीच वर्षं खेड्यांतल्या सर्व्हेंवर आधी फॉर्म भरायला आणि नंतर सुपरवायझर म्हणून काम केलंय, म्हणून उदाहरणही तिथलंच देतो. आकडे हिशोबासाठी गोल केले आहेत, पण घडतं ते असंच.

एका भागात सहा हजार घरं आहेत. प्रश्न असा की किती घरांतल्या बायका मजुरीला जातात. सहा हजार दारं वाजवणं परवडत नाही, म्हणून मतदार यादीवरून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ४०० घरं काढली. मुलं सकाळी अकराच्या सुमारास गावात पोचली. ३०० घरं उघडी मिळाली, १०० घरांना कुलूप. उघड्या ३०० पैकी १२० घरांनी 'हो' सांगितलं, म्हणजे ४० टक्के.

आता यातला सॅम्पलिंग एरर काढू. चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या असत्या तर दुसरी घरं आली असती आणि ४० च्या जागी कदाचित ३८ किंवा ४३ टक्के आले असते. ही फिरती तफावत म्हणजेच सॅम्पलिंग एरर. यात कुणाचा दोष नसतो. मराठी पुस्तकांत 'त्रुटी' किंवा 'चूक' असा शब्द वापरतात, त्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, कारण सगळं काम अगदी चोख केलं तरी ही तफावत राहतेच. आणि ती हाती आलेल्या सॅम्पलवरूनच मोजता येते:

```
१.९६ × √(०.४० × ०.६० ÷ ३००) = ०.०५५
```

म्हणजे ४० टक्के, साडेपाच इकडे किंवा तिकडे. रिपोर्टमध्ये आपण लिहितो की खरा आकडा ३४.५ ते ४५.५ च्या मध्ये असावा. ही पट्टी निम्मी करायची असेल तर सॅम्पल दुप्पट करून भागत नाही, चौपट करावं लागतं, कारण सूत्रात वर्गमूळ आहे. (हे सूत्र घरं सुटी सुटी चिठ्ठीने काढली असतील तरच लागू होतं. आधी वीस गावं निवडून प्रत्येकात वीस घरं घेतली, तर एका गावातली घरं एकमेकांसारखी असल्याने एरर यापेक्षा मोठा येतो.)

इथपर्यंत पुस्तकातलं झालं. आता त्या १०० कुलपांकडे या.

कापूस वेचणीचे दिवस. सकाळी अकराला घराला कुलूप का असतं? कारण घरातली बाई मजुरीला गेलेली असते! आपण जे मोजायला निघालो आहोत त्याच कारणाने ते घर आपल्या हातून निसटतंय. मुलांना पुन्हा संध्याकाळी सातला पाठवलं. १०० पैकी ८० घरं भेटली आणि त्यातल्या ६० घरांनी 'हो' सांगितलं. तिथे प्रमाण थेट ७५ टक्के. दोन्ही मिळून ३८० घरांत १८० 'हो', म्हणजे ४७.४ टक्के. सकाळच्या फॉर्मवरून काढलेली पट्टी ४५.५ ला संपत होती. हा आकडा तिच्या बाहेर गेला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. समजा संध्याकाळी कुणी गेलंच नाही, आणि 'आकडा पक्का व्हावा' म्हणून सॅम्पल चौपट करून १६०० घरं घेतली. वेळ तीच, सकाळी अकराची. साधारण १२०० घरं उघडी मिळतील, त्यात ४८० 'हो' येतील, म्हणजे पुन्हा ४० टक्केच. फक्त पट्टी आता २.८ ची, म्हणजे ३७.२ ते ४२.८. चुकीचा आकडा जागच्या जागी राहिला आणि त्याच्याभोवतीची पट्टी अरुंद झाली. चारपट पैसे घालून आपण चुकीच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवायला लागलो. त्यापेक्षा त्याच १०० दारांवर संध्याकाळी पुन्हा जाणं कितीतरी स्वस्त पडतं.

उरलेली २० घरं शेवटपर्यंत मिळाली नाहीत तर त्यांचं काय? त्यांना गाळून विसरून जाऊ नका. ती सगळी 'हो' धरली तर ४०० पैकी २००, म्हणजे ५० टक्के. सगळी 'नाही' धरली तर ४०० पैकी १८०, म्हणजे ४५ टक्के. न भेटलेल्या घरांमुळे आकडा जास्तीत जास्त किती हलू शकतो हे यावरून कळतं. सकाळच्या १०० कुलपांवर हाच हिशोब करून पाहा: ३० पासून ५५ टक्क्यांपर्यंत काहीही निघू शकतं. साडेपाचची पट्टी त्यापुढे किती भाबडी वाटते!

दुसरा नॉन-सॅम्पलिंग एरर प्रश्नातच दडलेला असतो, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांच्या प्रश्नावल्यांत सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. याच विषयावरच्या एका सर्व्हेत प्रश्न होता, 'घरातील महिला काम करतात का?' मी एका मुलाबरोबर फॉर्म कसा भरला जातो ते बघायला गेलो होतो. ओट्यावर आजोबा बसलेले. त्यांनी लगेच सांगितलं, "नाही, सून घरीच असते." मुलाने 'नाही' वर टिक केली. तेवढ्यात सून बाहेर आली, मी तिला विचारलं, "ताई, मागच्या सात दिवसांत शेतात गेला होतात का?" ती म्हणाली, "रोजच जाते की. दोन दिवस आपल्या रानात, बाकी दुसऱ्याच्या वेचणीला." मग म्हशीचं विचारलं. दूध काढणं, डेअरीवर घालणं तिच्याकडेच. अकरावी शिकलेली, हिशोबही तीच ठेवते. तिला आधी विचारलं असतं, "तुम्ही काम करता का?" तर तीही 'नाही' म्हणाली असती, कारण आपल्याकडे 'काम करते' म्हणजे नोकरी करते असाच अर्थ घेतला जातो.

इथे दोन गोष्टी बिघडल्या. एक, ज्या माणसाबद्दल प्रश्न आहे त्याला सोडून दुसऱ्याला विचारलं. दोन, शब्द मोघम होता. हा अनुभव फक्त माझा नाही. १९९१ च्या जनगणनेत कामाबद्दलच्या प्रश्नात 'शेतात किंवा घरच्या व्यवसायात केलेलं बिनमोबदल्याचं काम धरून' असे शब्द मुद्दाम घातले गेले, कारण तोवर बायकांचं काम मोजणीतून सुटत होतं.

जनगणनेचंच उदाहरण फरक समजायला सगळ्यात सोपं आहे. तिथे सगळ्यांना विचारतात, म्हणून सॅम्पलिंग एरर शून्य. नॉन-सॅम्पलिंग एरर मात्र भरपूर. वयांचा तक्ता उघडून बघा: ३०, ३५, ४०, ४५ या वयांची माणसं ढिगाने आणि ३१, ३९, ४१ ची एकदम कमी. लोकांनी जन्म काही पाचाच्या पाढ्यात घेतलेला नसतो, वय विचारल्यावर 'असेल चाळीस' म्हणून सांगतात. माणसं सुटतातही. २०११ च्या जनगणनेनंतर झालेल्या पडताळणीत दर हजारी सुमारे २३ माणसं मोजायची राहिल्याचं दिसलं. ही पडताळणी कशी केली? निवडक भागांत नमुना पाहणी करून. अख्ख्या देशाच्या मोजणीतली उणीव छोट्या सॅम्पलने दाखवली, कारण कमी घरं असली की चांगली माणसं पाठवता येतात, त्यांना नीट शिकवता येतं आणि एका घरात दहा मिनिटं जास्त बसता येतं. सॅम्पल फार वाढवलं की नेमकं हेच कठीण होतं. घाईत भरती, एक दिवसाचं ट्रेनिंग, दिवसाला तीस फॉर्मचं टार्गेट. अशा वेळी दुसरा एरर चक्क वाढतो.

आता तो ओळखायचा कसा? सॅम्पलिंग एररसारखं त्याला सूत्र नाही, फॉर्मच्या गठ्ठ्याकडे बघून तो दिसत नाही. बाहेरून पडताळावं लागतं. आम्ही दोन गोष्टी हमखास करायचो. भरलेल्या घरांतली साधारण दहा टक्के घरं सुपरवायझरने स्वतः जाऊन चार-पाच मुख्य प्रश्न पुन्हा विचारायचे आणि उत्तरं जुळवायची. दुसरं म्हणजे फॉर्म भरणाऱ्यानुसार तक्ता काढायचा. एकाच गावातली घरं चिठ्ठीने वाटून दिली असताना एका मुलाकडे 'हो' ४५ टक्के आणि दुसऱ्याकडे १५ टक्के आले, तर तो फरक गावातला नसतो. तो दुसरा मुलगा बहुतेक ओट्यावरच्या आजोबांनाच विचारून निघत असतो.

कॉम्प्युटरवर भरताना ४ चे ४० होणं, एखादं पान सुटणं हेही याच खात्यात जातं, पण त्या चुका दोन्ही बाजूंना होतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. कुलूप आणि मोघम शब्द आकडा नेहमी एकाच बाजूला ओढतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवा.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गुगल फॉर्म करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणार असाल तर एक सांगतो. त्यात कुणाची निवड चिठ्ठीने झालेली नसते, ज्याला भरावंसं वाटलं त्याने भरलेलं असतं. म्हणून ३०० उत्तरं आली तरी वरचं सूत्र लावून 'साडेपाच टक्के एरर' असं लिहू नका, त्या आकड्याला तिथे अर्थ नाही. ग्रुपमध्ये किती जण होते, किती जणांनी भरलं, आणि न भरणारे साधारण कोण, एवढं प्रामाणिकपणे लिहा. आणि फॉर्म पाठवण्याआधी आठ-दहा जणांना समोर बसवून प्रश्न वाचायला द्या, मग विचारा, "या प्रश्नाचा तुम्ही काय अर्थ घेतला?" दोघांनी वेगवेगळा अर्थ सांगितला की तो प्रश्न बदलायचा.