फॉल्स सीलिंगमध्ये डाउनलाइट कसे लावावेत म्हणजे हॉलभर सारखा उजेड पडेल?

"१२ बाय १४ चा हॉल आहे, फॉल्स सीलिंग साडेआठ फुटांवर येतंय. वायरमन म्हणतो चार लाइट पुरे. कटआउट केवढा ठेवू, बीम अँगल कोणता घेऊ आणि ड्रायव्हर कुठे ठेवायचे?"

कटआउट सगळ्यात शेवटी ठरवा, आधी बीम अँगल, म्हणजे लाइटचा उजेड किती कोनात पसरतो ते. मी माझ्या घरी नेमकं उलटं केलं होतं. पीओपीवाल्याने घाईघाईत भोकं पाडली आणि मग त्यात बसतील ते ३६ अंशांचे लाइट मी आणले. टीपॉयवर लख्ख गोल, सोफ्यावर बसलेल्याचा चेहरा अंधारात, आणि भिंतीवर उजेडाच्या कमानी.

तुमचा हिशोब असा. टीपॉय-सोफ्याची पातळी जमिनीपासून अडीच फूट धरली तर वर सहा फूट उरतात. तेवढ्या अंतरात ३६ अंशांचा लाइट जेमतेम चार फुटांचा गोल पाडतो, ६० अंशांचा जवळपास सात फुटांचा. गोलाच्या कडेला उजेड मधल्याच्या निम्म्याहूनही कमी होतो, म्हणून शेजारचे गोल एकमेकांवर चढायला हवेत. चार लाइट लावले तर ६० अंशांचे गोलही एकमेकांना कसेबसे टेकतात आणि हॉलच्या मधोमध उजेड कमी पडतो. सहा घ्या. १४ फुटांच्या बाजूने तीन, एकमेकांत ४ फूट ८ इंच. १२ च्या बाजूने दोन, सहा फुटांवर. भिंतीपासून याच्या निम्मं अंतर सोडा, म्हणजे २ फूट ४ इंच आणि ३ फूट. ३६ अंशांचे एखाद्या फ्रेमवर टाकायला छान, हॉलभर उजेडाला नकोत.

आता कटआउट. लाइट हातात आल्यावरच भोक पाडा. खोक्यावर दोन मापं असतात, बाहेरच्या रिंगचं आणि कटआउटचं. होल सॉ दुसऱ्या मापाचा लावायचा. भोक पाच-सहा मिलिमीटर मोठं झालं तरी स्प्रिंगची पकड ढिली पडून लाइट एका बाजूने लोंबतो. खूण केल्यावर खालून लोहचुंबक फिरवून पाहा. वर पत्र्याचं चॅनल लागलं तर ते कापू देऊ नका. त्या ओळीतले सगळेच लाइट दोन-तीन इंच सरकवा, एकटा सरकलेला लगेच डोळ्यात भरतो.

ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज पुरवणारा छोटा डबा, बहुधा लाइटच्या आधी जातो, त्यामुळे तो त्याच भोकातून बाहेर काढता आला पाहिजे. लाइटच्या पाठीवर, म्हणजे हीटसिंकवर, ठेवू नका. वायर पुरेल तेवढा बाजूला सरकवा आणि मेन वायर फूटभर जास्तीची सोडा. आमच्याकडे ती ताणून जोडली होती. दुसऱ्या वर्षी एक ड्रायव्हर गेला तेव्हा तो चॅनलपलीकडे अडकलेला निघाला आणि शेवटी बोर्ड कापावा लागला. नवा ड्रायव्हर घेताना जुन्यावरचे मिलिअँपिअर आणि व्होल्ट जुळवा, नुसते वॅट पाहून आणू नका. आणि जोडताना मेन बंद ठेवा. चालू ड्रायव्हरला लाइट जोडला तर नवाकोरा एलईडीही जाऊ शकतो.