पॅराफ्रेज करताना अर्थही टिकवायचा आणि नक्कलही टाळायची, ते कसं?

प्रश्न: रिव्ह्यूच्या चॅप्टरमध्ये सिमिलॅरिटी कमी करायला शब्द बदलले तर गाइड म्हणतात अर्थ बदलला. अर्थ सांभाळला तर वाक्य मूळ पेपरसारखंच दिसतं. मग पॅराफ्रेज करायचं तरी कसं?

उत्तर:

ही ओढाताण होते ती शब्द बदलायला बसल्यामुळे. मूळ वाक्य समोर ठेवून एकेका शब्दाला पर्याय शोधला की वाक्याचा सांगाडा तोच राहतो. रिबेका मूर हॉवर्ड या अभ्यासक अशा लेखनाला पॅचरायटिंग म्हणतात. खाली संदर्भ दिला असला तरी बरेच परीक्षक ते वाङ्मयचौर्यच धरतात. अर्थही बहुधा इथेच बिघडतो, कारण पर्यायी शब्दाचं वजन मूळ शब्दाइतकंच असेल असं नाही.

एक खरं उदाहरण घेऊ. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टर आणि जिक यांचं जेमतेम पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. त्याचा निष्कर्ष साधारण असा होता: रुग्णालयांत नार्कोटिक औषधांचा सर्रास वापर होत असला, तरी व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्या रुग्णांमध्ये व्यसन जडणं दुर्मीळ आहे.

आता शब्द बदलून बघा. ‘इस्पितळांमध्ये अंमली औषधं मोठ्या प्रमाणावर दिली जात असली, तरी आधी व्यसन नसलेल्या पेशंटना व्यसन लागणं विरळाच.’ यात लिहिणाऱ्याचं काहीच नाही. ‘असली तरी’चा सांधासुद्धा जागच्या जागी आहे. सॉफ्टवेअरने सोडलं तरी मूळ पत्र वाचलेला माणूस सोडणार नाही. (इंग्रजी वाक्याचं मराठी केलं म्हणून ते आपलं होत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.)

दुसरं टोक असं: ‘नार्कोटिक वेदनाशामकांमुळे व्यसन क्वचितच लागतं (पोर्टर आणि जिक, १९८०).’ सुटसुटीत वाक्य आहे, सिमिलॅरिटी शून्य, आणि चूक. ‘रुग्णालय’ गळलं, ‘पूर्वेतिहास नसलेले’ गळलं. घरी राहून महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात अक्षरही नव्हतं, पण या वाक्यात तेही येऊन बसले. ही भीती काल्पनिक नाही. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये या पत्राच्या ६०८ उल्लेखांची तपासणी छापून आली. त्यांतल्या सुमारे ८१ टक्के लेखकांनी रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं.

मी करतो ते असं. परिच्छेद समजेपर्यंत वाचायचा, मग पेपर बंद करायचा. कागदावर वाक्यं न लिहिता उत्तरं लिहायची: कोणाला तपासलं, कुठे, कसं, काय आढळलं आणि लेखक ते किती खात्रीने म्हणतो. या पत्रासाठी माझं टिपण असं होईल: ‘दाखल रुग्ण, रुग्णालयाच्या नोंदी, किमान एकदा नार्कोटिक मिळालेले ११,८८२, आधी व्यसन नसलेल्यांत व्यसनाची बऱ्यापैकी खात्रीशीर प्रकरणं ४.’ (आकडे मात्र पेपर उघडूनच उतरवायचे, आठवणीवर सोडायचे नाहीत.) मग फक्त टिपण समोर ठेवून लिहायचं:

‘पोर्टर आणि जिक (१९८०) यांनी रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी तपासल्या. किमान एकदा नार्कोटिक औषध मिळालेले ११,८८२ रुग्ण त्यांत होते. आधी व्यसन नसलेल्यांमध्ये व्यसनाची बऱ्यापैकी खात्रीशीर अशी ४ प्रकरणं त्यांना आढळली.’

सांगाडा आपोआप बदलला, कारण मूळ वाक्य डोळ्यांसमोर नव्हतं. लेखकांची नावं सुरुवातीलाच आल्यामुळे त्यांचं म्हणणं कुठून सुरू होतं तेही कळतं. यापुढे ‘घरी दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांना हे लागू करता येत नाही’ असं म्हणायचं असेल, तर ते वेगळ्या वाक्यात आणि त्यांच्या संदर्भाशिवाय, कारण ते मत तुमचं आहे.

यानंतर मूळ मजकूर पुन्हा उघडून दोनदा ताडायचं. पहिल्यांदा भाषेसाठी: सलग चार-पाच शब्द किंवा वाक्याची वळणं जुळतात का? जुळत असतील तर वाक्य मोडून पुन्हा लिहा, नाहीतर सरळ अवतरणचिन्हांत टाका. ‘नार्कोटिक’सारख्या पारिभाषिक शब्दांना हात लावू नका. गाइड ‘अर्थ बदलला’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा असाच एखादा शब्द बदललेला असतो. दुसऱ्यांदा दाव्यासाठी: मूळ लेखकाचं ‘असू शकतं’ तुमच्याकडे ‘आहे’ झालंय का, ‘संबंध आढळला’चं ‘मुळे होतं’ झालंय का, ‘या गटात’ गळून गेलंय का? सिमिलॅरिटीच्या टक्क्यांत यातलं काहीच दिसत नाही.

व्याख्या किंवा वादाचा मुद्दा जिथे नेमक्या शब्दांवर उभा असतो, तिथे पॅराफ्रेजच्या फंदात पडू नका, उद्धृत करा. आणि मूळ लेख उघडलाच नसेल, दुसऱ्याच्या रिव्ह्यूमधून दावा घेतला असेल, तर त्या रिव्ह्यूचं नाव घालून ‘यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं लिहा.